अमेरिकेतला ब्लू-रे प्लेअर, इथला टीव्ही आणि न चालणारी लग्नाची डीव्हीडी

रेवती_नाशिक

मंडळी, जरा मदत हवी आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ताई आणि भावजी न्यू जर्सीहून कायमचे परत आले. सामानात त्यांचा ब्लू-रे प्लेअर आहे (तिकडेच २०१५ च्या सुमारास घेतलेला) आणि डिस्कचे दोन खोके. आमच्याकडे मागच्या वर्षी घेतलेला ४३ इंची फोर-के टीव्ही आहे. प्लेअरला मागे एचडीएमआयचं एकच भोक आहे, ते टीव्हीच्या एचडीएमआय २ ला जोडलं. भावजींनी ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर सोबत आणलाय, प्लेअर त्यावरच चालतो. म्हणजे तो जळण्याचा प्रश्न नाही.

आता गंमत बघा. तिकडून आणलेल्या सगळ्या डिस्क चालतात. आमच्याकडच्या, इथेच विकत घेतलेल्या मराठी आणि हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी पण चालल्या, एक सोडून सगळ्या. पण ताईच्या लग्नाची डीव्हीडी (२००९, नाशिकच्याच फोटोग्राफरने केलेली) टाकली की "Cannot play this disc" येतं आणि ट्रे बाहेर. तीच डिस्क आमच्या जुन्या, आता बंद पडलेल्या प्लेअरवर सुरळीत चालायची. भावजींच्या मित्राने लंडनहून दिलेली एक ब्लू-रे आहे, ती टाकली की रिजनबद्दलचा निरोप येतो.

माझे दोन प्रश्न.
१. प्लेअरचा रिजन बदलला तर हे सगळं चालेल का?
२. चालतात त्या डीव्हीडी या टीव्हीवर फिक्या, लोण्यासारख्या मऊ दिसतात. प्लेअरच्या मेनूत अपस्केलिंगचे, म्हणजे चित्र पडद्याच्या मापाला मोठं करण्याचे, पर्याय आहेत, टीव्हीतही काय काय आहे. नक्की कुठलं चालू ठेवायचं?

---

बंड्या_कर्वेनगर

सोप्पंय. अमेरिकेतला प्लेअर म्हणजे रिजन १, आपली डिस्क रिजन ५. त्यामुळे चालत नाही. ट्रे उघडा ठेवून रिमोटवर एक कोड मारायचा असतो, मग रिजन ० होतो आणि जगातली कुठलीही डिस्क चालते. मॉडेल नंबर आणि "region free code" टाकून शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. मी आमच्या दोन प्लेअरना केलंय.

---

मी_मुंबईकर

२००९ चं लग्न आणि डीव्हीडी! लोक अजून डिस्क बघतात? यूट्यूबवर सगळं फुकट आहे की.

---

रेवती_नाशिक

@मी_मुंबईकर, ताईचं लग्न यूट्यूबवर सापडलं तर लिंक द्या. :)

@बंड्या, कोड शोधला. दोन ठिकाणी दोन वेगळे कोड सापडले, दोन्ही मारून पाहिले. एकाने काहीच झालं नाही. दुसऱ्याने स्क्रीनवर छोटासा आकडा आला आणि तो ० केला. त्यानंतर आधी न चालणारी ती एक सिनेमाची डीव्हीडी चालायला लागली! पण लग्नाची डीव्हीडी आणि लंडनची ब्लू-रे, दोन्ही जैसे थे.

---

दिनूकाका

रेवतीताई, ठाण्यात माझं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हा प्रकार बराच हाताळलाय. तुमच्याकडे तीन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या एकच वाटताहेत. उत्तर देण्याआधी दोन गोष्टी तपासून सांगा.

पहिली. लग्नाची डीव्हीडी एखाद्या लॅपटॉपमध्ये किंवा बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हमध्ये टाकून व्हीएलसीवर चालवा. चालू असताना Ctrl+J दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात व्हिडिओचं रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट दिलेला असतो. तो इथे लिहा.

दुसरी. बाजारातून घेतलेल्या, अमेरिकन प्लेअरवर पहिल्यापासून चालणाऱ्या एखाद्या मराठी सिनेमाच्या डीव्हीडीवर हेच करा.

आणि प्लेअरच्या मागचं लेबल एकदा वाचा. "AC 120V 60Hz" लिहिलंय की "100-240V" ते बघा. दुसरं असेल तर तो ट्रान्सफॉर्मर अडगळीत टाका, नुसती पिन बदलणारा अॅडॅप्टर पुरे.

---

रेवती_नाशिक

काका, लेबल "120V ~ 60Hz", म्हणजे ट्रान्सफॉर्मर राहणार.

लग्नाची डीव्हीडी: 720x576, फ्रेम रेट 25.
सिनेमाची डीव्हीडी: 720x480, फ्रेम रेट 29.97.

डिस्क लॅपटॉपवर व्यवस्थित चालतेय, म्हणजे खराब नाही ना?

---

दिनूकाका

वाटलंच होतं. तुमची लग्नाची डीव्हीडी रिजनमुळे अडलेलीच नाही. ती पालमुळे अडली आहे.

रिजन हे डिस्क विकणाऱ्या कंपनीने लावलेलं कुलूप. अमेरिका-कॅनडा १, युरोप-जपान २, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका ४, भारत ५, चीन ६, असा तो हिशोब. नाशिकच्या फोटोग्राफरने घरच्या रायटरवर कोरलेल्या डिस्कला हे कुलूप कशाला लावेल? ती कुठल्याही रिजनला चालायला हवी. म्हणून तुम्ही आकडा ० केलात तरी तिला काही फरक पडला नाही.

पाल आणि एनटीएससी हे मात्र चित्राचं माप आणि वेग. आपल्याकडे टीव्ही प्रक्षेपण पालमध्ये व्हायचं, त्यामुळे फोटोग्राफरचा कॅमेरा पाल, त्याचं संकलन पाल आणि डिस्कही पाल: ५७६ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत ४८० ओळी आणि जवळपास ३०. आपल्याकडे विकले जाणारे प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पचवतात, कारण इथे दोन्ही तऱ्हेच्या डिस्क फिरत होत्या. अमेरिकेतल्या टीव्हींना मात्र ५० हर्ट्‌झचं चित्र बहुधा घेताच येत नाही. म्हणून तिथले बहुतेक प्लेअर पाल डिस्क वाचूनच नाही म्हणतात, पुढे कुठला टीव्ही जोडलाय हे बघतसुद्धा नाहीत. तुमचा टीव्ही हे चित्र आनंदाने दाखवेल, पण त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

आता तुम्हाला पडलेलं कोडं. इथे विकत घेतलेले मराठी सिनेमे अमेरिकन प्लेअरवर कसे चालले? कारण आपल्या कंपन्यांनी पुष्कळ डीव्हीडी मुद्दाम एनटीएससीत आणि रिजनचं कुलूप न लावता काढल्या. त्याच डिस्क न्यू जर्सीतल्या एडिसनच्या भारतीय दुकानातही विकता येत होत्या ना. वेष्टनाच्या मागे पृथ्वीगोलाचं चित्र असतं, त्यात ALL किंवा ० दिसेल, आणि कोपऱ्यात NTSC लिहिलेलं असेल. कोड मारल्यावर चालू झालेली ती एक डिस्क पाहा, गोलात बहुतेक ५ असेल.

प्लेअरच्या सेटअपमध्ये TV System किंवा NTSC/PAL असा काही पर्याय दिसतो का, एकदा बघून घ्या. तिकडच्या मॉडेलमध्ये सहसा नसतो. नसेल तर रिमोटवर कितीही कोड मारले तरी लग्न दिसायचं नाही.

---

रेवती_नाशिक

काका, अगदी बरोबर. गोलात ५ आहे. परदेशी सिनेमा आहे, पण इथल्या दुकानातून घेतलेला. आणि TV System असा पर्याय मेनूत कुठेच नाही, सगळं उलथंपालथं करून झालं.

मग लंडनची ब्लू-रे?

---

अश्विनी_मेलबर्न

ब्लू-रेचं मी सांगते, कारण आमच्याकडे रोजचं रडगाणं आहे. ब्लू-रेला आकडे नाहीत, अक्षरं आहेत. अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया A मध्ये. युरोप आणि आम्ही ऑस्ट्रेलियावाले B. भारत, चीन, रशिया C. तुमचा प्लेअर A, लंडनची डिस्क B.

तुम्ही मारलेला कोड डीव्हीडीचा रिजन बदलतो. ब्लू-रेचा रिजन प्लेअरमध्ये वेगळा नोंदलेला असतो, त्याला तो कोड हातच लावत नाही. शिवाय तपासण्याची तऱ्हा वेगळी आहे. डीव्हीडीत प्लेअर डिस्कवरचा आकडा बघून ठरवतो. ब्लू-रेत डिस्कवरचा प्रोग्रॅम प्लेअरला विचारतो, "बाबा रे, तू कुठला?" आणि उत्तर आवडलं नाही तर तो पाटी दाखवून थांबतो. म्हणूनच तुमच्याकडे लग्नाच्या डिस्कला प्लेअरचा कोरडा निरोप आला आणि लंडनच्या डिस्कला रिजनची सविस्तर पाटी आली.

यातली चांगली बाजू अशी की ब्लू-रेवर कुलूप लावायचं की नाही हे प्रत्येक प्रकाशक स्वतः ठरवतो आणि कित्येक डिस्कवर लावलेलंच नसतं. माझ्याकडच्या अमेरिकन ब्लू-रेंपैकी बऱ्याच इथे बिनबोभाट चालतात. विकत घेण्याआधी त्या विशिष्ट आवृत्तीबद्दल नेटवर बघायचं, नुसत्या देशावर जायचं नाही. फोर-के अल्ट्रा एचडीच्या डिस्कना तर रिजन हा प्रकारच नाही, पण त्या तुमच्या प्लेअरमध्ये चालणार नाहीत, त्याला वेगळा प्लेअर लागतो.

काकांना दुजोरा: आमच्याकडेही पाल असूनही इथले प्लेअर एनटीएससी निमूट चालवतात. हट्टीपणा अमेरिकन मालाचाच.

---

बंड्या_कर्वेनगर

म्हणजे कोडने डीव्हीडी चालली की नाही? मी तेच म्हणत होतो. :)

आणि ब्लू-रेसाठीही हार्डवेअर मॉड, म्हणजे प्लेअर उघडून आतच बदल, करून मिळतं. लग्नाच्या डीव्हीडीसाठी लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा, विषय संपला. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रिजन Device Manager मध्ये DVD Region टॅबवर जाऊन बदलत राहायचा, प्रत्येक डिस्कला लागेल तसा.

---

पेंग्विनप्रेमी

@बंड्या, थांबा, शेवटचं वाक्य कुणी तसंच्या तसं करू नका! संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो. ती मोजणी ड्राइव्हच्या आतच लिहिलेली असते, विंडोज पुन्हा टाकलं तरी ती जात नाही. पाचव्यानंतर जो रिजन असेल तो कायमचा. त्याच टॅबवर किती बदल उरले तेही लिहिलेलं असतं, ते वाचा आधी.

लग्नाच्या डिस्कसाठी तर रिजनला हात लावायचं कारणच नाही. ती लॅपटॉपवर चालली आहे.

रेवतीताई, मी तुमच्या जागी असतो तर ती डिस्क प्लेअरवर चालवण्याच्या भानगडीत न पडता आधी तिची प्रत काढली असती. घरी कोरलेल्या डिस्कवर शाईसारखा रंगाचा थर असतो, तो वर्षांनुवर्षं टिकेल याची हमी नाही. २००९ ची आहे म्हणता. ती कुलूपबंद नाही, त्यामुळे VIDEO_TS फोल्डरमधल्या VTS_01_1.VOB, VTS_01_2.VOB अशा फायली सरळ कॉपी होतात. प्रत्येक साधारण एक जीबीची. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये, डिस्कवरच्या नाही तर लॅपटॉपवर कॉपी केलेल्या फोल्डरात जाऊन अशा जोडायच्या:

```
copy /b VTS_01_1.VOB+VTS_01_2.VOB+VTS_01_3.VOB+VTS_01_4.VOB lagna.mpg
```

VTS_01_0.VOB घेऊ नका, तो मेनू असतो. फायली जितक्या असतील तितक्याच लिहा. यात चित्राची पुन्हा दाबादाबी होत नाही, जसंच्या तसं येतं. पेन ड्राइव्ह exFAT मध्ये फॉरमॅट करा, कारण FAT32 वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि भरलेली डीव्हीडी त्याच्या वर जाते. मग पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला.

---

मंगेश_सावंतवाडी

माझा पण असाच प्रॉब्लेम आहे म्हणून इथेच विचारतो. नवीन टीव्ही घेतला, जुना डीव्हीडी प्लेअर जोडला तर चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतंय. आवाज ठीक. हा पण पालचाच घोळ का? प्लेअर इथलाच आहे, पिवळी-लाल-पांढरी वायर.

---

दिनूकाका

मंगेश, तुझा मामला निराळा आहे. पिवळी पिन टीव्हीत कुठे लावलीस? नवीन टीव्हीत पिवळं भोक नसेल आणि हिरव्यात लावली असशील.

---

मंगेश_सावंतवाडी

हो काका, हिरव्यात. पिवळं नाहीच आहे. हिरवं, निळं, लाल आणि मग लाल-पांढरं.

---

दिनूकाका

ते हिरवं भोक दोन कामं करतं. तीन वायरींच्या कंपोनंट जोडणीत त्यात फक्त उजेड-अंधार जातो, रंग निळ्या आणि लाल वायरीतून येतात. एकट्या पिवळ्या वायरीत सगळं एकत्र असतं. त्या भोकापाशी "VIDEO/Y" किंवा "AV IN" असं काही लिहिलेलं असेल तर पिवळी तिथेच लावायची, ते बरोबर आहे. पण टीव्हीच्या सोर्स यादीत Component निवडलेलं असेल तर टीव्ही रंगाची वाट बघत राहतो आणि काळं-पांढरं दाखवतो. AV निवड. काही टीव्ही स्वतः ओळखतात, काही ओळखत नाहीत.

तरी रंग आले नाहीत तर उलट बाजू बघ. प्लेअरच्या सेटअपमध्ये Video Output ला YUV किंवा Component ठेवलं असेल तर CVBS किंवा Composite कर. तोही एक नेहमीचा घोळ.

आणि टीव्हीला हेडफोनसारखं एकच बारीक AV भोक असेल (हे बाकीच्यांसाठी), तर टीव्हीबरोबर आलेलीच वायर वापरा. बाजारातली तशीच दिसणारी वायर आणली की कधी चित्राच्या जागी आवाज आणि आवाजाच्या जागी भुणभुण, कारण आतल्या कड्यांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा.

---

मंगेश_सावंतवाडी

AV केलं, रंग आले!! काका, आभारी. बायको म्हणते टीव्ही परत करायला निघालेलो मी.

---

स्वानंद_डोंबिवली

रेवतीताईंचा दुसरा प्रश्न बाजूलाच राहिला.

माझं मत: प्लेअरचं अपस्केलिंग चालू ठेवा आणि आउटपुट सर्वात वरचं निवडा. प्लेअरकडे डिस्कवरची मूळ माहिती असते, टीव्हीकडे फक्त वायरीतून आलेलं चित्र. त्यामुळे प्लेअर जास्त चांगलं काम करू शकतो. सोबत चांगली, जाड एचडीएमआय केबल घ्या, साध्या केबलने तपशील हरवतो.

---

दिनूकाका

स्वानंदराव, केबलचं राहू द्या. एचडीएमआयमधून आकडे जातात. केबल कमी पडली तर ठिणग्यांसारखे ठिपके येतील, चित्र मधेच काळं होईल, पण मऊ होणार नाही. या प्लेअरला साधी केबल पुरते.

अपस्केलिंगचं मात्र बोलायला हवं. आधी एक साधा गुणाकार करा. तुमच्या टीव्हीवर ३८४० गुणिले २१६० ठिपके आहेत. एनटीएससी डीव्हीडीत ७२० गुणिले ४८०. भागाकार बरोबर २४ येतो. म्हणजे पडद्यावरच्या दर २४ ठिपक्यांमागे एक डिस्कवरून आलाय, उरलेले २३ कुणीतरी अंदाजाने भरलेत. प्लेअरने भरा की टीव्हीने भरा, डिस्कवर नसलेला तपशील दोघेही आणू शकत नाहीत. ब्लू-रेला हाच हिशोब चारास एक येतो, म्हणून ती त्याच टीव्हीवर छान दिसते. रेवतीताईंचा मऊपणा बराचसा इथलाच आहे, आणि तो पूर्ण जाणार नाही.

मग फरक कुठे पडतो? मोठं करण्याच्या आधीच्या पायरीत. डीव्हीडीवर चित्र बहुतेक वेळा अर्धं-अर्धं साठवलेलं असतं, आधी विषम ओळी, मग सम. ती दोन अर्धी नीट जुळवणं हे खरं कौशल्याचं काम. ते फसलं की कॅमेरा आडवा फिरताना कडांना कंगव्यासारखे दात दिसतात, किंवा खिडकीच्या झडपा, साडीचे बारीक काठ थरथरायला लागतात. हे एकदा बिघडलेलं पुढे कुणालाच सुधारता येत नाही.

माझा अनुभव असा की २०१५ च्या मधल्या किमतीच्या प्लेअरपेक्षा आजच्या टीव्हीतली चिप हे काम बरं करते. पण टीव्ही-टीव्हीत फरक असतो, म्हणून ताईंनी स्वतः बघावं. Output Resolution मध्ये आधी 480p (480i असेल तर तेही), मग 1080p, मग असेल तर 4K. तिन्ही वेळा तोच प्रसंग लावायचा, ज्यात कॅमेरा सावकाश आडवा फिरतोय आणि जाळी, कठडा, पायऱ्या असं काही आहे. टीव्हीच्या रिमोटवर Info दाबून टीव्हीला खरंच काय पोचतंय ते बघून घ्या, कारण Auto वर असला की प्लेअर गुपचूप 1080p पाठवतो आणि आपण समजतो की सेटिंग बदललं.

तुलनेआधी टीव्हीचा Sharpness खाली आणा. प्लेअरमध्ये एक शार्पनेस, टीव्हीत दुसरा, असं झालं की माणसांच्या कडेने पांढरी रेघ उमटते. लोकांना ती स्पष्टता वाटते.

---

स्वानंद_डोंबिवली

480i पाठवलं तर टीव्हीला ते अर्धं-अर्धं चित्र जुळवावं लागतं, 480p पाठवलं तर ते प्लेअरने आधीच केलेलं असतं. म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे 480p मध्ये कौशल्याचं काम प्लेअरकडेच राहिलं की!

---

दिनूकाका

रास्त मुद्दा. म्हणूनच कंसात 480i लिहिलं. टीव्हीची खरी परीक्षा 480i मध्येच होते. पुष्कळ प्लेअर एचडीएमआयवर ते देतच नाहीत, म्हणून 480p वर समाधान मानावं लागतं.

---

रेवती_नाशिक

करून पाहिलं. प्लेअरमध्ये 480i नाही. 480p, 720p, 1080i, 1080p आणि वेगळं "4K Upscale: Off/Auto" आहे.

सिनेमाच्या डिस्कवर (वाड्याच्या जिन्याचा प्रसंग, लाकडी कठडे) 480p आणि 1080p यात मला आणि ताईला काही वेगळं दिसलं नाही. भावजी म्हणतात 1080p बरं. 4K Auto केलं तर कठड्यांच्या कडा जास्त ठसठशीत आल्या, पण चेहरे मेणाचे वाटले. ते बंद केलं. Sharpness ५० वरून १० वर आणला, त्याने मात्र सगळ्यात जास्त फरक पडला, ती पांढरी रेघ गेली.

पण एका नाटकाच्या डीव्हीडीवर उलटंच. तिथे 480p ला नटाने हात हलवला की ते कंगव्याचे दात दिसतात, 1080p ला जवळजवळ नाहीत. असं का?

आणि एका जुन्या सिनेमाचं चित्र टीव्हीच्या मधोमध छोट्या चौकटीत येतं, चारी बाजूंनी काळं.

---

स्वानंद_डोंबिवली

नाटकाचं माझ्या बाजूने झालं की नाही, काका? :)

---

दिनूकाका

झालं झालं. नाटक व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेलं असतं, त्यात दोन अर्धी खरोखरच वेगवेगळ्या क्षणांची असतात. सिनेमा फिल्मवरून आलेला असतो, त्याची अर्धी एकाच चित्राची असतात, म्हणून जुळवणं सोपं. या प्लेअरचा 480p चा मार्ग व्हिडिओसाठी कच्चा दिसतोय आणि 1080p चा बरा. एकाच प्लेअरमध्ये असं का असावं हे आतलं बघितल्याशिवाय सांगणं कठीण. तुम्ही 1080p वर ठेवा, 4K बंद, सोडून द्या.

चारी बाजूंचं काळं: त्या काळी पुष्कळ डिस्क जुन्या चौकोनी टीव्हीसाठी बनवल्या. रुंद सिनेमा चौकोनात बसवताना वरखाली काळे पट्टे चित्रातच भरून टाकले. आता तो चौकोन तुमच्या रुंद टीव्हीवर आला की डावी-उजवीकडेही काळं येतं. प्लेअरमध्ये TV Type 16:9 असल्याची खात्री करा, आणि टीव्हीचा Zoom वापरा. Stretch किंवा Full नको, माणसं बुटकी आणि जाड होतील. पण लक्षात घ्या, अशा डिस्कवर सिनेमास्कोपला ४८० पैकी जेमतेम २७० ओळी मिळालेल्या असतात. तो सिनेमा याहून चांगला दिसणार नाही. त्याची नवी आवृत्ती निघाली असेल तर शोधा.

---

रेवती_नाशिक

Zoom ने जमलं.

लग्नाची पहिली डिस्क @पेंग्विनप्रेमी यांनी सांगितल्याप्रमाणे कॉपी झाली. फाइल ४.२ जीबीच्या आसपास, exFAT पेन ड्राइव्हवर, टीव्हीने लगेच चालवली. घरातले सगळे दोन तास हलले नाहीत. दुसरी डिस्क मात्र शेवटच्या VOB ला अडली, "cyclic redundancy" असं काहीतरी. नेमकी पाठवणी त्यात आहे.

---

पेंग्विनप्रेमी

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरची कड आधी खराब होते, म्हणून नेहमी शेवटच जातो.

विंडोजवर पुन्हा पुन्हा कॉपी करू नका, ड्राइव्ह त्याच जागी डोकं आपटत बसतो. लिनक्सचा लाइव्ह यूएसबी करून त्यावर gddrescue हे पॅकेज टाका, मग:

```
ddrescue -n -b 2048 /dev/sr0 lagna2.iso lagna2.map
ddrescue -d -r 3 -b 2048 /dev/sr0 lagna2.iso lagna2.map
```

पहिली ओळ सोपं तेवढं उचलते आणि अवघड भाग सोडून पुढे जाते. दुसरी फक्त राहिलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न करते. कुठली जागा राहिली ते map फाइलमध्ये असतं, ती पुसू नका. खरी युक्ती पुढे आहे: तीच डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी ड्राइव्हमध्ये टाकून, तीच iso आणि तीच map घेऊन दुसरी ओळ परत चालवा. एका ड्राइव्हला न दिसणारे सेक्टर दुसऱ्याला दिसतात. जुना डेस्कटॉपचा मोठा ड्राइव्ह मिळाला तर उत्तम. त्याआधी मऊ कापडाने डिस्क मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. लिनक्स घरात नसेल तर प्रिंटआउट घेऊन कॉलेजातल्या कुठल्याही भाच्याला गाठा.

---

मी_मुंबईकर

वाचनखूण साठवली. आमच्या आईबाबांच्या लग्नाच्या २५ व्या वाढदिवसाची डीव्हीडी कपाटात आहे, आज काढून बघतो.

---

अश्विनी_मेलबर्न

अवांतर: फोटोग्राफरकडे मूळ टेप असण्याची शक्यता आहे का? २००९ मध्ये बरेच जण छोट्या डीव्ही कॅसेटवर शूट करायचे.

---

रेवती_नाशिक

दुकान अजून आहे, मुलगा चालवतो. तो म्हणाला माळ्यावर कॅसेटी आहेत, पण नावं टाकलेली नाहीत. शनिवारी जाऊन बघते.

लंडनची ब्लू-रे भावजी मित्राला परत देणार आहेत. हार्डवेअर मॉडचं त्यांना पटलं नाही.

---

बंड्या_कर्वेनगर

परत कशाला? मॉड करणारा पुण्यात एक आहे, विचारून सांगतो.

---

दिनूकाका

बंड्या, १२० व्होल्टचा प्लेअर कुरिअरने पाठवू नकोस कुणाला. समोरचा सवयीने भिंतीत खुपसेल.